शंभरातले साडेतीन मिलिलिटर

पन्नास आणि पन्नास शंभर होतात, हे आपण पहिल्या-दुसऱ्या इयत्तेतच शिकलो. आज मला आपणांस अशा एका जागी न्यायचे आहे की जिथे पन्नास आणि पन्नास मिळून साडेशहाण्णव होतात. ही जागा काही फार दूर नाही. यवतमाळातल्या कोणत्याही कॉलेजच्या रसायनशाळेत ती सापडेल. एका मोजपात्रात ५० मिलिलिटर पाणी घ्या, दुसऱ्यात ५० मिलिलिटर शुद्ध मद्यार्क घ्या. मद्यार्क म्हणजे ज्याला शास्त्रात इथेनॉल म्हणतात तोच. दोन्ही एका मोठ्या पात्रात ओता, ढवळा, निवू द्या आणि वाचन घ्या. वाचन येते सुमारे ९६.५.

दरवर्षी हा प्रयोग मी विद्यार्थ्यांकडून करून घेतो आणि दरवर्षी एकच देखावा दिसतो. वाचन घेतलेला मुलगा पात्राभोवतीचे टेबल हाताने चाचपतो. मग माझ्याकडे येऊन म्हणतो, "सर, सांडलं नाही जी काही. खरंच नाही सांडलं." मी त्याला म्हणतो, "अरे, मला ठाऊक आहे. तू आलं ते वाचन लिही." तरीही पाच-सहा जर्नलांत १०० हा आकडा लिहिलेला सापडतोच. मला त्या मुलांवर रागावता येत नाही. कारण विद्यार्थी असताना मीही एकदा असाच आलेला आकडा खोडून शंभर लिहिला होता. डोळ्यांपेक्षा बेरजेवर माझा विश्वास अधिक होता. ती बेरीज नेमकी कुठे चुकते, हेच आज आपणांस सांगायचे आहे.

प्रथम संशयितांची झडती घेऊ. मद्यार्क उडून गेला असेल का? वजन करून पाहा. २० अंश तापमानास ५० मिलिलिटर पाण्याचे वजन ४९.९ ग्रॅम आणि तेवढ्याच मद्यार्काचे ३९.५ ग्रॅम भरते. भांडे झाकून मिसळले तर मिश्रणाचे वजन ८९.४ ग्रॅमच भरते. म्हणजे द्रव्य कुठेही गेलेले नाही, जागा तेवढी कमी झाली आहे. वजनाची बेरीज जुळते, घनफळाची जुळत नाही.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पाणी आणि मद्यार्क मिसळले की मिश्रण चांगलेच कोमट होते आणि त्यातून हवेचे बारीक बुडबुडेही सुटतात. कोमट द्रव फुगतो. अशा मिश्रणाचे तापमान १० अंशांनी वाढले तर शंभर मिलिलिटरमागे सुमारे पाऊण मिलिलिटर वाढ होते. त्यामुळे ज्याने घाईने वाचन घेतले त्याला ९७ च्या वर आकडा मिळतो, आणि आकुंचन आहे त्यापेक्षा कमी वाटते. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत प्रयोगशाळाच ३५ अंशांवर जाते. तेव्हा २० अंशांच्या कोष्टकाशी ताडून पाहायचे असेल, तर दोन्ही द्रव आणि मिश्रण बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवून २० अंशांवर आणावेच लागतात. आणि मोजपात्राऐवजी घनतेची बाटली वापरावी. ज्ञात घनफळाची छोटी बाटली द्रवाने काठोकाठ भरायची आणि तराजूत तोलायची. डोळ्याने रेषा वाचण्यापेक्षा तराजू कितीतरी अधिक खरे बोलतो.

आता आकुंचन का होते? याचे नेहमीचे उत्तर धान्याचे आहे. एक पायली हरभरा आणि एक पायली मोहरी एकत्र करा, दोन पायल्या भरणार नाहीत. मोहरी हरभऱ्याच्या फटींत शिरते. उपमा चांगली आहे, मीही ती देतो. पण ती थोड्याच अंतरापर्यंत चालते. फटी भरणे एवढेच कारण असते, तर लहानमोठ्या रेणूंचे प्रत्येक मिश्रण आक्रसले असते. परंतु बेन्झीन आणि सायक्लोहेक्झेन हे दोन द्रव मिसळले की घनफळ बेरजेपेक्षा वाढते. हरभरा आणि मोहरी मिसळून दोन पायल्यांच्या वर कधी भरतील का? शिवाय धान्याचे दाणे एकमेकांना ओढत नाहीत. पाण्याचे रेणू मात्र एकमेकांचे हात धरून ऐसपैस, पोकळ जाळे विणून बसलेले असतात. मद्यार्काचा रेणू मध्ये आला की त्याचे एक टोक पाण्याचा हात धरते आणि दुसरे तेलकट टोक पाण्याला आपल्याभोवती नव्याने मांडणी करायला लावते. तेव्हा जागा कोणी खाल्ली, पाण्याने की मद्यार्काने, हा प्रश्नच अवघड होऊन बसतो.

विज्ञानात असा प्रसंग आला की पुष्कळदा उत्तर बदलण्याऐवजी प्रश्न बदलावा लागतो. "मिश्रणात मद्यार्काने किती जागा व्यापली आहे?" हा प्रश्न सोडून द्या. त्याऐवजी असे विचारा: "या मिश्रणात आणखी थोडा मद्यार्क घातला, तर एकूण घनफळ कितीने वाढेल?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोजता येते, आणि त्यात कोणाच्या मालकीची जागा कुठली हा तंटाच उरत नाही.

मोजूनच पाहू. रसायनशास्त्रज्ञ रेणूंची मोजदाद मोल या मापाने करतात. १८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल आणि ४६ ग्रॅम मद्यार्क म्हणजेही एक मोल. दोहोंत रेणूंची संख्या सारखीच. एक मोल शुद्ध पाणी १८ मिलिलिटर भरते. आता शुद्ध मद्यार्काने भरलेल्या एका मोठ्या टाकीची कल्पना करा आणि तीत हे १८ मिलिलिटर पाणी ओता. टाकीची पातळी १८ मिलिलिटरने वाढत नाही, सुमारे १४ मिलिलिटरनेच वाढते. तेच १८ मिलिलिटर पाण्याच्या टाकीत ओतले असते, तर पूर्ण १८ ची वाढ झाली असती. पाणी तेच, माप तेच, पण कोणाच्या घरी पाहुणे म्हणून गेले यावर त्याची जागा ठरली.

आता आपल्या निम्म्या-निम्म्या मिश्रणाकडे येऊ. यासाठी घनतेचे कोष्टक लागते. अशी मोजणी करणाऱ्यांत दिमित्री मेंडेलेयेव्ह हे मोठे नाव आहे. मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीमुळे आपण त्यांना ओळखतो, परंतु १८६५ साली त्यांनी डॉक्टरेटसाठी जो प्रबंध लिहिला, तो मद्यार्क आणि पाणी यांच्या संयोगावर होता. कोष्टकावरून असे दिसते: ५७ ग्रॅम पाणी आणि ४३ ग्रॅम मद्यार्क यांच्या मिश्रणाचे घनफळ २० अंशांस १०७.६५ मिलिलिटर असते. त्यात आणखी ३.६४ ग्रॅम मद्यार्क घातला, तर ते ११२.०७ होते. वाढ झाली ४.४२ मिलिलिटरची. परंतु बाटलीतून काढताना तोच मद्यार्क ४.६१ मिलिलिटर होता. आत जाताना तो ०.१९ मिलिलिटरने लहान झाला. हीच वाढ एका मोलच्या हिशेबाने मांडली तर सुमारे ५६ मिलिलिटर येते, आणि शुद्ध मद्यार्काचा एक मोल भरतो ५८.४ मिलिलिटर. या ५६ ला त्या मिश्रणातील मद्यार्काचे आंशिक मोलर घनफळ म्हणतात. नाव भारदस्त आहे, अर्थ साधा आहे: शेवटच्या मोलने घनफळात घातलेली भर.

एक पथ्य मात्र पाळायला हवे. मद्यार्क घालता घालता मिश्रणाचे प्रमाणही बदलत जाते. म्हणून भर एवढी अल्प हवी, किंवा मूळचा साठा एवढा अफाट हवा, की प्रमाण जवळपास तेच राहील. वरच्या उदाहरणात आपण ४३ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर गेलो, म्हणून आलेला आकडा मधल्या ४४ टक्क्यांचा समजायचा. आणि योग असा की ५० मिलिलिटर अधिक ५० मिलिलिटर हे आपले मिश्रण वजनाने नेमके ४४ टक्क्यांचेच आहे. याच रीतीने पाण्याचा आकडा काढला तर १७.५ येतो, शुद्ध पाण्याच्या १८.०५ ऐवजी.

आता बेरीज करून पाहू. आपल्या मिश्रणात मद्यार्क ०.८५७ मोल आहे आणि पाणी २.७७ मोल. ०.८५७ गुणिले ५६ म्हणजे सुमारे ४८.०. २.७७ गुणिले १७.५ म्हणजे सुमारे ४८.५. दोन्ही मिळून ९६.५. आले की नाही उत्तर? म्हणजे बेरीज खोटी नव्हतीच. आपण बेरजेत भलतेच आकडे घालत होतो. शुद्ध द्रवांचे आकडे घालून मिश्रणाचा हिशेब मागत होतो.

मात्र ५६ मिलिलिटर ही मद्यार्काच्या रेणूंनी प्रत्यक्ष व्यापलेली जागा आहे असे समजू नका. हे सारे मिश्रण नव्या पाहुण्याला जे उत्तर देते, त्याचे ते माप आहे. याचा पुरावा हवा असेल तर मॅग्नेशियम सल्फेट घ्या. भरपूर शुद्ध पाण्यात त्याचे अगदी थोडे प्रमाण विरघळवले तर एकूण घनफळ वाढण्याऐवजी किंचित कमी होते. त्याचे आंशिक मोलर घनफळ मोलमागे उणे १.४ मिलिलिटर आहे. व्यापलेली जागा कधी उणे असू शकते का? पण उत्तर उणे असू शकते. तो क्षार आपल्याभोवतीच्या पाण्याला इतके जवळ ओढतो की स्वतःची जागा भरून काढून वर थोडी उरते.

या दोन आकड्यांचे आपसांत एक नाते आहे. प्रमाण बदलत गेलो की एकाचे आंशिक घनफळ वाढते, तेव्हा दुसऱ्याचे घटलेच पाहिजे. तराजूच्या दांडीसारखे. फक्त ज्याचे मोल अधिक, तो कमी हलतो. पाण्यात थोडाथोडा मद्यार्क घालत गेल्यास २५ अंशांस मद्यार्काचा आकडा ५५ च्या आसपास सुरू होतो, मग खाली उतरतो, दर बारा-तेरा रेणूंत एक मद्यार्काचा झाला की ५३ च्या जवळ तळ गाठतो आणि तिथून चढत शेवटी ५८.७ ला पोचतो. नेमका जिथे मद्यार्काचा तळ, तिथेच पाण्याचे शिखर असते. एखाद्या विद्यार्थ्याच्या आलेखात दोन्ही रेषा एकदम चढताना दिसल्या, तर त्याची घनता पुन्हा मोजायला सांगावी. तापमान सांभाळले गेलेले नाही, किंवा बाटलीत बुडबुडा राहिला आहे.

हे सगळे केवळ जर्नलापुरते नाही, याची आठवण सर्वांना २०२० साली यायला हवी होती. त्या वर्षी हात निर्जंतुक करण्याचे द्रावण ठिकठिकाणी बनवावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेचा दहा लिटरचा पाठ असा आहे: ९६ टक्के मद्यार्क ८३३३ मिलिलिटर, हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलिलिटर, ग्लिसरॉल १४५ मिलिलिटर. आणि पाणी? पाण्याचे माप त्यात दिलेलेच नाही. दहा लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरा, एवढेच म्हटले आहे. वजाबाकी करून ११०५ मिलिलिटर पाणी मोजून ओतणाऱ्याचा कॅन खुणेच्या खालीच राहील. दवाखान्यातल्या ७० टक्के स्पिरिटचेही असेच आहे. ९५ टक्क्यांच्या स्पिरिटपासून १०० मिलिलिटर बनवायचे, तर ७३.७ मिलिलिटर स्पिरिट घ्यावे लागते. वजाबाकीने पाणी २६.३ मिलिलिटर येते, प्रत्यक्षात जवळजवळ २९ लागते. म्हणून "अमुक इतके पाणी घाला" आणि "पाणी घालून अमुक इतके करा" या दोन वाक्यांत फरक आहे, आणि कंपाउंडरने तो पाळायचा असतो.

आता याच प्रश्नाची दुसरी पायरी. "आणखी एक मोल घातला तर घनफळ कितीने वाढेल?" असे आपण विचारले. घनफळाच्या जागी ऊर्जा घालून तोच प्रश्न विचारता येतो. तापमान व दाब कायम असताना एखाद्या साठ्यातून जास्तीत जास्त जेवढे उपयोगी काम निघू शकते, त्याचा हिशेब ठेवणाऱ्या राशीला अमेरिकन शास्त्रज्ञ विलर्ड गिब्ज यांच्या नावाने गिब्ज ऊर्जा म्हणतात. मिश्रणात एक मोल मद्यार्क घातल्याने ही ऊर्जा जितकी वाढते, तितके त्या मिश्रणातील मद्यार्काचे रासायनिक विभव. गिब्ज यांनी ही कल्पना १८७६ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या दीर्घ निबंधात मांडली. 

पाणी उंचावरून सखल भागाकडे वाहते, तसा प्रत्येक पदार्थ अधिक विभवाकडून कमी विभवाकडे जातो. यवतमाळच्या उन्हाळ्यात माठातले पाणी बाहेरच्या कोरड्या हवेत का जाते? कोरड्या हवेतील वाफेचे विभव माठातल्या पाण्याच्या विभवाहून खाली असते म्हणून. तेच पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी का सुटते? हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की हवेतल्या वाफेचे विभव मिठाच्या दाट द्रावणातील पाण्यापेक्षा वर चढते. वाफ मग उतारावरून मिठात येते. पाणी एकच, पण उन्हाळ्यात ते माठातून बाहेर पडते आणि पावसाळ्यात मिठात शिरते.

आपल्या मिश्रणातल्या मद्यार्काचे विभव किती आहे? ते वाफेवरून कळते. जितकी वाफ अधिक, तितके विभव वर. मिश्रणात दर चार रेणूंत साधारण एक मद्यार्काचा आहे. सगळे रेणू एकमेकांशी सारखेच वागत असते, तर मद्यार्काच्या वाफेचा दाब शुद्ध मद्यार्काच्या पावपट झाला असता आणि विभव मोलमागे सुमारे ३.५ किलोज्यूलने उतरले असते. प्रत्यक्षात दाब निम्म्याच्या जवळपास राहतो, आणि विभव सुमारे १.७ किलोज्यूलनेच उतरते. म्हणजे मद्यार्क अपेक्षेच्या दुप्पट ओढीने बाहेर पडू पाहतो आहे.

इथे भले भले फसतात. मिश्रण आक्रसले, ऊबही सुटली, तेव्हा मद्यार्क पाण्यात घट्ट रुतून बसला असणार, असा समज होतो. पण वाफ उलटे सांगते. पाणी त्या तेलकट टोकाभोवती जी शिस्तीची मांडणी करते, तिच्यामुळे जागा वाचते खरी, परंतु तशी मांडणी करणे पाण्याला महाग पडते. एकूण हिशेबात मद्यार्क अवघडलेलाच राहतो. म्हणून जागा किती आक्रसली एवढ्यावरून विभव ओळखता येत नाही. दोन्ही वेगवेगळी मोजावी लागतात.

आमच्या जिल्ह्यातल्या जंगलपट्टीत चैत्रात मोह फुलतो, आणि मोहाच्या भट्टीची "पहिल्या धारेची" हा शब्द पिणाऱ्या-न पिणाऱ्या सर्वांनाच ठाऊक आहे. पहिली धार कडक का? आंबवलेल्या मोहात मद्यार्क थोडा आणि पाणी फार. अशा पाणीदार मिश्रणात मद्यार्काची बाहेर पडण्याची ओढ नुसत्या प्रमाणाच्या हिशेबापेक्षा कित्येक पट असते. म्हणून वाफेत तो द्रवापेक्षा पुष्कळ अधिक जमतो, आणि आरंभीच निघून जातो. मात्र उकळत नेऊन तो हवा तेवढा शुद्ध करता येत नाही. वजनाने ९५.६ टक्क्यांवर पोचल्यावर वाफ आणि द्रव यांतील प्रमाण एकच होते, आणि साधी भट्टी तिथे थांबते.

शेवटी या दोन कल्पनांची गाठ मारून थांबतो. मिश्रणावर दाब वाढवला, तर मद्यार्काचे विभव चढते. किती चढते? दाबाच्या प्रत्येक वाढीला त्याच्या आंशिक मोलर घनफळाने गुणायचे, एवढेच. आपल्या मिश्रणात एका वातावरणाइतका दाब वाढला, तर ५६ मिलिलिटरच्या हिशेबाने विभव सुमारे ५.७ ज्यूलने वर जाते. ही रक्कम क्षुल्लक आहे. पाणी मिसळल्याने जे १.७ किलोज्यूल उतरले, ते दाबाने भरून काढायचे तर जवळजवळ ३०० वातावरणांचा दाब लागेल. म्हणजे आंशिक घनफळ हा विभवाचा दाबाबरोबर चढण्याचा वेग आहे. घनतेच्या बाटलीत तोललेला आकडा आणि वाफेवरून काढलेला आकडा एकाच हिशेबवहीच्या दोन पानांवर बसतात.

आणि म्हणूनच जर्नलात शंभर लिहिणाऱ्या मुलाला मी ते पान परत करतो. खोडलेल्या त्या साडेतीन मिलिलिटरांत हे सगळे होते. त्यातला एखादा मुलगा दुसऱ्या दिवशी पात्र निवेपर्यंत थांबतो, तापमान लिहितो, वजन करतो आणि पेन्सिलीने ९६.५ लिहून माझ्याकडे पाहतो. मी त्या आकड्याखाली सही करतो.